०.९७ म्हणजे ९७ टक्के नव्हे: छायाचित्र स्पर्धा आणि पडताळणी कक्ष यांतील एकाच स्कोअरचे दोन अर्थ

कृत्रिम प्रतिमा ओळखणाऱ्या डिटेक्टरने एखाद्या चित्रापुढे ०.९७ असा स्कोअर दाखवला, की पाहणारा मनातल्या मनात त्याचे भाषांतर ‘हे चित्र बनावट असण्याची शक्यता ९७ टक्के’ असे करून टाकतो. काही साधने तर तो आकडा थेट टक्केवारीतच दाखवतात, त्यामुळे हे भाषांतर करण्याचेही श्रम उरत नाहीत. हा अर्थ धरून निर्णय घेणारी दोन ठिकाणे येथे शेजारी शेजारी ठेवून पाहू. एक आहे छायाचित्र स्पर्धेचे संयोजन, जेथे संशयावरून प्रवेशिका बाद करायची की नाही हे ठरवावे लागते; दुसरा आहे व्हॉट्सॲपवरून आलेल्या संशयास्पद चित्रांची छाननी करणारा पडताळणी कक्ष. डिटेक्टर तोच, स्कोअरही तोच, तरीही दोन्हीकडे त्याचा अर्थ एक नाही.

आधी हा आकडा येतो कोठून ते पाहू. डिटेक्टरमधले न्यूरल नेटवर्क चित्रावरची सगळी आकडेमोड संपवून शेवटी एकच संख्या काढते, आणि ती ऋण किंवा धन, कितीही लहान वा मोठी असू शकते. तिला शून्य ते एकच्या दरम्यान बसवण्यासाठी पुढील सूत्र वापरले जाते:

```
score = 1 / (1 + e^(-z))
```

येथे z म्हणजे नेटवर्कने काढलेली ती संख्या; ती सुमारे ३.५ आली की स्कोअर ०.९७ होतो. संख्या शून्य ते एकच्या मध्ये आली एवढ्यावरून ती शक्यता ठरत नाही. परीक्षेतले ९७ गुण हे जसे उत्तीर्ण होण्याची ९७ टक्के शक्यता सांगत नाहीत, तसेच हे आहे. ती शक्यता म्हणून वाचता यावी यासाठी निदान दोन गोष्टी खऱ्या असाव्या लागतात. पहिली अशी, की ज्या चित्रांना ०.९७ मिळाला त्यांपैकी खरोखरच ९७ टक्के चित्रे कृत्रिम निघाली पाहिजेत. याला कॅलिब्रेशन म्हणतात. खोल न्यूरल नेटवर्क स्वतःविषयी वाजवीपेक्षा अधिक खात्री दाखवतात, हे २०१७ मध्ये च्वान ग्वो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले आणि त्यावर साधा गणिती उताराही सुचवला. दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याकडेच अधिक दुर्लक्ष होते: ज्या ढिगातून चित्र आले, त्या ढिगातील कृत्रिम चित्रांचे प्रमाण डिटेक्टर शिकवताना वापरलेल्या प्रमाणाइतकेच असले पाहिजे. शिकवताना साधारणतः अर्धी चित्रे खरी आणि अर्धी कृत्रिम ठेवतात. प्रत्यक्षात असा अर्धाअर्धा ढीग क्वचितच समोर येतो.

आता पहिली अट पूर्ण झाली आहे असे औदार्याने मानू, म्हणजे अर्ध्याअर्ध्या ढिगावर ०.९७ खरोखरच ९७ टक्के आहे. याचा अर्थ असा, की हा स्कोअर खऱ्या चित्रांपेक्षा कृत्रिम चित्रांमध्ये सुमारे ३२ पट वारंवार दिसतो, कारण ०.९७ ला ०.०३ ने भागले तर तेवढेच येते. डिटेक्टर खरे तर इतकेच सांगू शकतो. हिशेब डोळ्यांसमोर यावा म्हणून समजू, की दर १०० कृत्रिम चित्रांपैकी ३२ आणि दर १०० खऱ्या चित्रांपैकी १ चित्र ०.९७ च्या आसपास येते. स्पर्धेकडे १०,००० प्रवेशिका आल्या आणि त्यांत २० कृत्रिम आहेत; कक्षाकडे २०० चित्रे आली आणि त्यांत ८० कृत्रिम आहेत. हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण दिशा वास्तवाला धरून आहे, कारण स्पर्धेत बहुतेक जण स्वतः काढलेले छायाचित्र पाठवतात, तर कक्षाकडे चित्र येते तेच मुळी कोणाला तरी शंका आल्यामुळे.

| | छायाचित्र स्पर्धा | पडताळणी कक्ष |
|---|---|---|
| एकूण चित्रे | १०,००० | २०० |
| त्यांतील कृत्रिम | २० | ८० |
| ०.९७ मिळालेली कृत्रिम | सुमारे ६ | सुमारे २६ |
| ०.९७ मिळालेली खरी | सुमारे १०० | सुमारे १ |
| ०.९७ चा खरा अर्थ | सुमारे ६ टक्के | सुमारे ९६ टक्के |

कक्षात ०.९७ हा योगायोगाने जवळपास ९७ टक्केच ठरला, आणि नेमका हाच योगायोग फसवतो. तेथे काम करून त्या आकड्यावर विश्वास बसलेली व्यक्ती स्पर्धेच्या परीक्षक मंडळावर बसली, तर ती दर सोळा–सतरा आरोपांपैकी केवळ एक बरोबर करील. बाकीच्यांनी पहाटे उठून, चिखल तुडवून काढलेले छायाचित्र संगणकाने बनवल्याचा ठपका त्यांच्यावर येईल.

विक्रेत्याने जाहीर केलेली अचूकता हाताशी असली तरी हा प्रश्न सुटत नाही. ओपनएआयने मे २०२४ मध्ये आपल्या डिटेक्टरविषयी सांगितले होते, की अंतर्गत चाचणीत तो कंपनीच्याच दाल-ई ३ या मॉडेलने बनवलेली सुमारे ९८ टक्के चित्रे ओळखतो आणि कृत्रिम नसलेल्या चित्रांपैकी अर्ध्या टक्क्याहून कमी चित्रांवर चुकीचा शिक्का मारतो. आकडे चांगले आहेत आणि प्रामाणिकपणे मांडलेले आहेत. पण अर्धा टक्का ही मर्यादा वरच्या स्पर्धेला लावली, तर ९,९८० खऱ्या छायाचित्रांपैकी सुमारे ५० पर्यंत छायाचित्रे संशयित ठरू शकतात, आणि पकडण्यासारखी कृत्रिम चित्रे तर मुळात २० च आहेत. शिवाय इतर कंपन्यांच्या मॉडेलांनी बनवलेल्या चित्रांपैकी जेमतेम ५ ते १० टक्केच हा डिटेक्टर दाखवतो, हेही त्याच निवेदनात होते. म्हणजे स्कोअर कमी आला म्हणून चित्र खरे, हाही निष्कर्ष निघत नाही.

येथवर डिटेक्टर शिकलेल्या चित्रांसारख्याच चित्रांवर चालतो आहे, असे गृहीत धरले होते. ते गृहीतकही दोन्ही ठिकाणी मोडते, आणि गंमत अशी की ते उलट दिशांना मोडू शकते. जेनइमेज हा या क्षेत्रात बराच वापरला जाणारा चित्रसंच आहे. त्यातील खरी चित्रे इमेजनेट या छायाचित्रसंग्रहातून घेतलेली, म्हणून जेपीईजी स्वरूपात होती, तर कृत्रिम चित्रे पीएनजी स्वरूपात साठवलेली होती. २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवले, की त्यावर शिकलेले डिटेक्टर बऱ्याच अंशी चित्र कोणी बनवले हे न ओळखता जेपीईजीत फाइल लहान करताना होणाऱ्या दाबणीच्या खुणा आहेत की नाहीत हे ओळखत होते. विद्यार्थ्याने धडा न वाचता प्रश्नपत्रिकेच्या कागदाच्या रंगावरून उत्तर द्यावे, तसा हा प्रकार झाला. अशी सवय लागलेला डिटेक्टर स्पर्धेत वापरला, तर न दाबलेल्या, उत्तम दर्जाच्या फाइली पाठवणारा काळजीपूर्वक काम करणारा छायाचित्रकारच संशयित ठरण्याचा धोका आहे. उलट व्हॉट्सॲप सहसा चित्र लहान करून पुन्हा जेपीईजीत दाबते, त्यामुळे कक्षाकडे आलेले कृत्रिम चित्र त्याच डिटेक्टरला खरे वाटू शकते. त्यामुळे तक्त्यातले ९६ टक्केही मूळ, न दाबलेल्या फाइलीपुरतेच धरावेत.

दोन डिटेक्टर सहमत झाले तर? दोन्ही एकाच प्रकारच्या चित्रांवर शिकलेले असतील तर दोन्ही एकाच चुकीवर सहमत होतात, म्हणून ३२ ला ३२ ने गुणून निकाल लावू नये.

आणखी एक भेद कक्षाला जाणवतो, स्पर्धेला फारसा नाही. डिटेक्टर ‘कृत्रिम’ शोधतो, ‘खोटे’ नव्हे. २८ मे २०२३ रोजी दिल्लीत ताब्यात घेतलेल्या कुस्तीगीर विनेश आणि संगीता फोगाट यांचा पोलिसांच्या वाहनातील सेल्फी पसरला, तेव्हा त्याच्या एका आवृत्तीत त्यांच्या चेहऱ्यांवर हसू चढवलेले होते. त्या चित्राचा बहुतेक भाग कॅमेऱ्यातूनच आलेला होता आणि बदल चेहऱ्यांपुरता होता. संपूर्ण चित्र कृत्रिम आहे का एवढेच पाहणारा डिटेक्टर अशा चित्राला कमी स्कोअर देऊ शकतो, आणि जुन्या पुराचे छायाचित्र कालचे म्हणून फिरत असेल, तर त्याने कमी स्कोअर देणे बरोबरच ठरेल. कक्षाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र दोन्ही वेळा ‘खोटे’ असे आहे.

मग दोघांनी काय करावे? संयोजकांना माझी पहिली शिफारस अशी, की डिटेक्टर घेण्याआधी त्याला आपल्याच जुन्या संग्रहावर चालवून पाहावे. स्टेबल डिफ्यूजन हे चित्रे बनवणारे मॉडेल ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यामुळे २०२१ पर्यंतच्या प्रवेशिका अशा मॉडेलांनी बनवलेल्या नाहीत असे व्यवहारात धरता येते, आणि त्यांपैकी कोणालाही ०.९७ किंवा अधिक स्कोअर मिळाला तर ती निखळ चूक असते. अशी १,००० छायाचित्रे चालवून एकही चूक आली नाही, तरी चुकीचा दर शून्य ठरत नाही. संख्याशास्त्रातला एक सोपा ठोकताळा असा, की ३ ला एकूण नगांच्या संख्येने भागावे. म्हणजे ९५ टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते की दर ०.३ टक्क्यांहून कमी आहे. १०,००० प्रवेशिकांवर तेही ३० पर्यंत निरपराध होतात. म्हणून स्पर्धेत स्कोअरचा उपयोग कोणाकडून कॅमेऱ्यातली रॉ फाइल आणि त्याच क्षणाच्या आगेमागे घेतलेल्या फ्रेम मागवायच्या, एवढे ठरवण्यापुरताच ठेवावा. बाद करण्याचा निर्णय त्या फाइली पाहून व्हावा. नियमावलीत ही मागणी आधीच लिहून ठेवली, की ती आरोप वाटत नाही.

स्पर्धांचा अनुभव पाहता ही सावधगिरी दोन्ही बाजूंनी लागते. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन यांचे कृत्रिम चित्र सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये विजेते ठरले आणि त्यांनी ते उघड करून पुरस्कार नाकारला; २०२४ मध्ये माइल्स ॲस्ट्रे यांनी फ्लेमिंगोचे खरे छायाचित्र दुसऱ्या एका स्पर्धेच्या कृत्रिम प्रतिमांच्या गटात पाठवले आणि ते तेथे बक्षिसापर्यंत पोहोचले. परीक्षकांच्या डोळ्यांना दोन्ही दिशांना चकवा बसतो, म्हणून यंत्राचा मोह समजण्यासारखा आहे.

पडताळणी कक्षाकडे रॉ फाइल मागण्याची सोय नसते, कारण पाठवणाऱ्याला चित्र कोणी काढले हेच माहीत नसते. सीटूपीए मानकानुसार फाइलीत जोडलेली उगमाची नोंद असेल तर उत्तम, पण फॉरवर्ड होताना अशी नोंद सहसा गळून पडते, तेव्हा ती नसण्याला काहीच अर्थ नाही. तेथे उच्च स्कोअर आला, की त्या चित्राची जुनी, मोठी आणि कमी दाबलेली प्रत उलट प्रतिमा-शोधाने मिळवावी, तिच्यावर डिटेक्टर पुन्हा चालवावा, आणि त्याच घटनेची दुसऱ्या कोनातली छायाचित्रे आहेत का ते पाहावे. दोन प्रतींमध्ये स्कोअर ०.९७ वरून ०.४ वर आला, तर दाबणीने आकडा किती हलतो ते तेथेच कळते. वाचकांपुढे मात्र ‘९७ टक्के बनावट’ असे वाक्य जाऊ नये. कोणत्या साधनाने कोणत्या प्रतीवर किती स्कोअर दिला आणि त्याव्यतिरिक्त कोणता पुरावा सापडला, असे लिहावे, आणि दुसरा पुरावा सापडला नसेल तर निष्कर्ष राखून ठेवावा.