करार संपवण्याच्या पत्रात कोणता शब्द निवडावा: नोटीस की सूचना, समाप्ती की रद्द, क्षतिपूर्ती की नुकसानभरपाई

मूळ करार इंग्रजीत आहे आणि तो संपवण्याचे पत्र मराठीत द्यायचे आहे, अशा वेळी तीन जागी शब्द जपून निवडावे लागतात. उदाहरणादाखल देखभाल-दुरुस्तीचा एक करार घेऊ, ज्यात पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांनी करार संपेल अशी अट आहे.

‘नोटीस’ आणि ‘सूचना’ यांपैकी मी ‘नोटीस’च ठेवेन, कारण ‘सूचना’ म्हणजे सल्ला किंवा निर्देश असाही अर्थ निघतो. ‘पूर्वसूचना’ चालेल, पण मुदत कशी मोजली ते तिच्यासोबत लिहायला हवे. पत्र ५ जूनला मिळाले आणि तो दिवस सोडून मोजले, तर ३० दिवस ५ जुलैला पूर्ण होतात. पत्रावर १ जून ही तारीख असली तरी मोजणी तिच्यापासून सुरू होत नाही.

‘करार रद्द करीत आहोत’ हे वाक्य सहज लिहिले जाते, पण करार मुळापासूनच मोडीत काढला असा त्याचा अर्थ लावून समोरचा पक्ष मे महिन्याच्या थकीत हिशेबावरच वाद घालू शकतो. ‘करार दिनांक ५ जुलैअखेर संपुष्टात आणीत आहोत’ असे लिहिले की त्या तारखेपर्यंतची देणी-घेणी कायम राहतात, हे स्पष्ट होते.

खरी कसोटी इंडेम्निटीची, म्हणजे दुसऱ्याला हानीपासून वाचवण्याच्या हमीची आहे. तिच्यासाठी ‘नुकसानभरपाई’ लिहिणे सोपे वाटते, पण करारभंगामुळे आपले स्वतःचे जे नुकसान झाले त्याच्या मागणीलाही हाच शब्द वापरतात, आणि ती मागणी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ खाली येते. इंडेम्निटी कलम १२४ मध्ये आहे आणि तिथे एक पक्ष दुसऱ्याला होणाऱ्या हानीपासून वाचवण्याचे वचन देतो, मग ती हानी वचन देणाऱ्याच्या स्वतःच्या वर्तनामुळे होवो वा अन्य कोणाच्या. समजा, कंत्राटदाराच्या माणसाने नळाची जोडणी सैल ठेवली, खालच्या मजल्यावरच्या कार्यालयात पाणी गळले आणि तिथल्या मालकाने पैसे आपल्याकडे मागितले. ही मागणी कंत्राटदाराने निभावून नेण्याची हमी ‘नुकसानभरपाई’त नीट उमटत नाही. ‘क्षतिपूर्ती’ अधिक नेमका आहे, पण तो एकटा पुष्कळांना कळत नाही, म्हणून मी शब्दाला वाक्याची जोड देईन:

‘करारातील क्षतिपूर्तीच्या (इंडेम्निटीच्या) कलमानुसार, आपल्या कर्मचाऱ्यांच्या कामामुळे त्रयस्थ व्यक्तीने आमच्याकडे केलेल्या मागणीची तोशीस आम्हाला लागू न देण्याची आपली जबाबदारी करार संपल्यानंतरही कायम राहील.’

यातले शेवटचे शब्द मात्र मूळ करारात तशी तरतूद असेल तरच घालावेत. करारात नसलेली जबाबदारी एकतर्फी पत्राने समोरच्यावर टाकता येत नाही.