अँड्रॉइड फोन विकण्याआधी: सेटिंग्जमधून रिसेट की बटणं दाबून?

फोनमधला डेटा दोन्ही रस्त्यांनी पुसला जातो. फरक पडतो तो रिसेटनंतर जुनं खातं मागणाऱ्या कुलपाचा.

सेटिंग्जमधून जाताना आधी Accounts मध्ये जाऊन गूगल खातं काढा. सॅमसंग असेल तर सॅमसंगचं खातंही काढा. मग System मधलं Factory reset निवडा. काही कंपन्यांच्या फोनवर ते दुसऱ्या मेनूत असतं. इथे फोन पिन विचारतो, म्हणजे मालकच पुसतोय याची त्याला खात्री पटते. त्यामुळे नवा मालक थेट आपलं खातं टाकू शकतो.

दुसरा रस्ता पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून रिकव्हरीत, म्हणजे अँड्रॉइड सुरू होण्याआधीच्या दुरुस्तीच्या मेनूत जाण्याचा. तिथे Wipe data/factory reset करायला पिन लागत नाही. दुकानदार घाईत बरेचदा हेच करतात. पण हे चोरालाही जमेल, म्हणून अँड्रॉइड 5.1 पासून अशा रिसेटनंतर फोन जुन्या मालकाचं गूगल खातं किंवा पिन मागतो. समजा तुम्ही पुण्यात असा फोन विकला आणि तो नागपूरला पोचला, तर घेणारा वायफाय जोडल्यावर तिथेच अडकेल. आयफोनचं कुलूप iCloud.com वरून दुरूनही काढता येतं. अँड्रॉइडवर मात्र तुमचा पासवर्ड किंवा पिन त्याच फोनवर टाकावा लागतो, आणि तो परक्याला सांगणं धोक्याचं.

म्हणून स्क्रीन चालू असेल तोवर सेटिंग्जचाच रस्ता धरा. रिकव्हरी फक्त पिन विसरल्यावर, तीही खात्याचा पासवर्ड आठवत असेल तरच. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर 24 तास थांबा. पैसे घेण्याआधी वायफाय जोडून दाखवा: जुनं खातं मागितलं नाही, तर फोन मोकळा आहे.