दहा वर्षांचे पेपर: प्रश्न मोजावेत की गुण?

परीक्षा जवळ आली की इंदूरच्या खजुरी बाजारातून जुन्या पेपरांची पुस्तकं येतात आणि सीबीएसईची बारावीची मुलं फिजिक्सचा एकेक धडा किती वेळा आला ते मोजायला बसतात. बहुतेक जण प्रश्न मोजतात, कारण ते झटपट होतं. पण गुण मोजले तर उत्तर वेगळं निघतं.

समजा, एका पेपरात सेमीकंडक्टरवर एकेका गुणाचे दोन, दोन गुणांचा एक आणि तीन गुणांचा एक, असे चार प्रश्न आहेत. रे ऑप्टिक्सवर पाच गुणांचा एक आणि चार गुणांची एक केस स्टडी, म्हणजे दोनच प्रश्न. प्रश्न मोजणारा सेमीकंडक्टरला दुप्पट वेळ देईल. गुण मोजणाऱ्याला 7 आणि 9 दिसतील. उजळणीचा वेळ वाटायचा असेल तर मी डोळे मिटून गुण मोजायला सांगेन. मात्र युनिटची बेरीज करत बसू नका. ती बोर्डाने अभ्यासक्रमातच छापलेली असते: इलेक्ट्रोस्टॅटिक्स आणि करंट मिळून 16, मॅग्नेटिझम ते एसी 17, ईएम वेव्हज आणि ऑप्टिक्स 18, ड्युअल नेचर ते न्यूक्लियाय 12, सेमीकंडक्टर 7. मोजायचं ते युनिटच्या आतलं: ईएम वेव्हज आणि ऑप्टिक्सच्या 18 पैकी रे ऑप्टिक्स किती खातं आणि वेव्ह ऑप्टिक्स किती.

आता दहा वर्षं की अलीकडची? इथे पुस्तकाचा जाडजूडपणा फसवतो. 2022-23 पर्यंत पोटेन्शिओमीटर, मीटर ब्रिज, झेनर, ट्रान्झिस्टर, लॉजिक गेट्स आणि अख्खं कम्युनिकेशन सिस्टिम्स अभ्यासक्रमातून गेलं. जुन्या पेपरांत हे सगळं सतत दिसतं, त्यामुळे दहा वर्षांची सरळ बेरीज केली की सेमीकंडक्टर विनाकारण फुगतो. शिवाय 2021 ची परीक्षाच झाली नाही आणि 2022 ची दोन टर्ममध्ये, वेगळ्याच साच्यात झाली. म्हणून धड्यांना वेळ वाटायला 2023 पासूनचे पेपर घ्या. ते मोजकेच असल्यामुळे दोन-तीन गुणांचा फरक मनावर घेऊ नका.

जुने पेपर रद्दीत टाकायचे नाहीत. वगळलेल्या भागावर आधी आडवी रेघ मारा, मग उरलेल्यातून डेरिव्हेशन शोधा. लेन्स मेकर, प्रिझम, मूव्हिंग कॉइल गॅल्व्हॅनोमीटर: यांतलं कुठलं पुन्हा पुन्हा येतं हे कळायला लांबचा काळच लागतो.

एक खोच राहिली. 55/1/1, 55/1/2, 55/1/3 हे एकाच पेपरचे तीन संच. बरेचसे प्रश्न तेच, फक्त क्रम बदललेला. तिन्ही मोजले तर एकच प्रश्न तीनदा आल्यासारखा वाटतो. पहिला संच पूर्ण मोजा, बाकी दोघांतले फक्त वेगळे प्रश्न बघा. ‘अथवा’ असलेल्या प्रश्नाचे दोन पर्याय वेगवेगळ्या धड्यांतले असतील तर गुण निम्मे-निम्मे वाटा.