कोकरांना टोचावे की गाभण मेंढीला द्यावे? पांढऱ्या स्नायूंच्या रोगात निर्णय कसा घ्यावा

वैशाख-ज्येष्ठात विणाऱ्या खांडांमध्ये दोन-तीन आठवड्यांची कोकरे अचानक अवघडून चालू लागतात किंवा चरायला नेताना वाटेतच कोसळून मरतात, तेव्हा मराठवाड्यातील मेंढपाळाला दोन सल्ले मिळतात. कोणी म्हणते, ‘जन्मल्याबरोबर प्रत्येक कोकराला सेलेनियम आणि जीवनसत्त्व ई यांचे इंजेक्शन द्या’. तर कोणी म्हणते, ‘पुढच्या वेळी मेंढी विण्याआधीच तिला द्या, पिलाला काही करू नका’. दोन्ही सल्ले चुकीचे नाहीत, पण त्यांचा उपयोग वेगवेगळ्या ठिकाणी होतो, आणि तो कोठे होतो हे समजण्यासाठी आधी या रोगाची दोन रूपे वेगळी पाहावी लागतात.

स्नायूंच्या पेशींमध्ये चयापचयातून पेशींना इजा करणारी पेरॉक्साइडे तयार होत असतात. सेलेनियम हे ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज या विकराचा भाग असून ते विकर पेरॉक्साइडांचा नाश करते, तर जीवनसत्त्व ई पेशीच्या आवरणातच राहून त्याचे रक्षण करते. दोघांपैकी एकाची किंवा दोघांची कमतरता झाली, की सर्वाधिक राबणारे स्नायू प्रथम मोडतात, म्हणजे पाठ, मांड्या, खांदे, श्वासाचे स्नायू आणि हृदय. मेलेल्या कोकराची मांडी उघडल्यावर लाल मांसात दिसणारे पांढरट, खडूसारखे पट्टे म्हणजे मेलेले व नंतर कॅल्शियम साचलेले स्नायुतंतू होत. 1958 मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात कोकरांवर केलेल्या प्रयोगांनी सेलेनियम दिल्यास हा रोग टळतो हे दाखवले, आणि तेव्हापासून सेलेनियमकडे केवळ विष म्हणून पाहणे थांबले.

पहिले रूप हातापायांच्या स्नायूंचे आहे. कोकरू किंवा वासरू पाठ कमानीसारखी करून उभे राहते, पावले आखूड टाकते, उठायला कंटाळते आणि मांडीचा स्नायू हाताला टणक व सुजल्यासारखा लागतो. तरीही त्याचे डोळे सतेज असतात, आईचा आवाज ऐकून ते ओरडते, आणि सडाला लावून धरले तर दूधही ओढते. ताप बहुधा नसतो. यात उपचाराला वेळ मिळतो आणि वेळेत उपचार झाला तर पिलू सहसा तीन ते पाच दिवसांत सुधारते. दुसरे रूप हृदयाचे. त्यात श्वास जोरजोरात चालतो, छातीवर हात ठेवला तर ठोके फार जलद व अनियमित लागतात, कधी नाकातून फेस येतो, आणि काही तासांत किंवा एका दिवसात मृत्यू होतो. इंजेक्शन दिले तरी हृदयाचा मेलेला स्नायू परत येत नाही. पुष्कळदा मालकाला आजार दिसतच नाही. काल उड्या मारणारे पिलू आज मेलेले सापडते, आणि त्याआधी खांड दूर चरायला नेलेले असते किंवा पिले एकमेकांमागे पळालेली असतात.

निर्णयाचे मूळ याच फरकात आहे. अवघडलेल्या पिलाला औषध देता येते, पण हृदयाच्या रूपात औषध द्यायची वेळ आजार दिसण्याच्या आधीच निघून गेलेली असते. त्यामुळे ज्या खांडात पिले अचानक मरत आहेत तेथे केवळ आजारी पिलाला टोचण्याची पद्धत अपुरी पडते आणि उपाय आईपर्यंत मागे न्यावा लागतो.

मात्र आधी हा तोच रोग आहे याची खात्री हवी. सांधे गरम व सुजलेले असतील आणि ताप असेल, तर तो नाळेतून शिरलेल्या जंतूंचा सांधेरोग असण्याची शक्यता अधिक. जबडा घट्ट बसलेला असेल आणि डोळ्यातील तिसरी पापणी पुढे आलेली असेल तर धनुर्वाताचा विचार करावा. मागचे पाय ताठ न होता लटपटत असतील, तर तांब्याची कमतरता पाहावी. धष्टपुष्ट कोकरू अचानक मेले तर आंत्रविषाराचीही तितकीच शंका घ्यावी लागते, म्हणूनच मेलेल्या पिलाचे शवविच्छेदन करणे हे कोणत्याही औषधाहून आधीचे काम आहे. हृदयाच्या भिंतीत पांढरे पट्टे दिसतात का ते पाहावे. कोकरात ते बहुधा उजव्या कप्प्यात, तर वासरात डाव्या कप्प्यात आढळतात. त्या भागाचा तुकडा दहा टक्के फॉर्मालिनमध्ये ठेवून परभणी किंवा उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासता येईल का, हे आधी तालुक्याच्या पशुवैद्यकाकडून विचारून घ्यावे. जिवंत पिलात रक्तातील सीके हे विकर तपासतात, कारण स्नायू मोडला की ते फार वाढते. पण ते काही तासांतच उतरू लागते, त्यामुळे उशिरा घेतलेला नमुना सामान्य आला म्हणून निदान फेटाळू नये. एएसटी हे रक्तातील दुसरे विकर त्या मानाने जास्त दिवस वाढलेले राहते.

आता दोन वाटांची तुलना. नमुन्यादाखल भूम तालुक्यातील चाळीस मेंढ्यांचे खांड घेऊ. मेंढ्यांना दोन महिने ज्वारीचा कडबा आणि सोयाबीनचे भुसकट यांवर ठेवले आहे, हिरवा चारा नाही, आणि विण्यास सुरुवात झाल्यावर एक कोकरू वाटेत मेले तर दुसरे अवघडले आहे.

पिलाला टोचण्याच्या वाटेचा मोठा गुण म्हणजे मात्रा नेमकी त्याच पिलाला मिळते आणि सेलेनियम लवकर रक्तात पोहोचते. मोठा दोष म्हणजे चुकीला जागा फार थोडी असते. उपचाराची नेहमीची मात्रा दर किलो वजनाला सुमारे 0.06 मिलिग्रॅम सेलेनियम इतकी असते. अवघडलेल्या कोकराचे वजन 8 किलो असेल, तर त्याला साधारण अर्धा मिलिग्रॅम हवे. बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये 1.5 मिलिग्रॅम सेलेनियम लिहिले असेल, तर हे सुमारे एक तृतीयांश मिलिलिटर झाले, म्हणजे लहान सिरिंजच्या पहिल्या काही रेघा. हेच औषध गाईसाठी आणलेल्या मोठ्या सिरिंजने ‘दोन-तीन एमएल’ दिले, तर 3 मिलिलिटरमधून 4.5 मिलिग्रॅम, म्हणजे किलोला अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक सेलेनियम जाते, आणि कोकरांत टोचून दिलेल्या सेलेनियमची प्राणघातक मात्रा याच टप्प्यात येते. अशा विषबाधेत धाप लागून पिलू कोसळते. हे चित्र हृदयाच्या रूपासारखेच असल्याने मालक ‘रोगाने गेले’ असे समजून पुढच्या पिलालाही तेवढेच टोचतो. वजन काट्यावर केल्याशिवाय आणि बाटलीवरील प्रमाण वाचल्याशिवाय हे इंजेक्शन देऊ नये, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्यांतील सेलेनियमचे प्रमाण सारखे नसते.

दुसरा दोष तेवढा चर्चिला जात नाही. या संयुक्त इंजेक्शनमधून जाणारे जीवनसत्त्व ई फार थोडे असते. वरच्या उदाहरणात मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम जीवनसत्त्व ई धरले, तर कोकराला जेमतेम 17 मिलिग्रॅम मिळते. कडब्यावर राहिलेल्या खांडात खरी तूट जीवनसत्त्व ईचीच असेल, तर ही मात्रा ती भरून काढत नाही.

आईला देण्याची वाट येथे वेगळी ठरते. सेलेनियम वारेतून गर्भापर्यंत चांगले पोहोचते. म्हणून विण्याच्या सुमारे चार आठवडे आधी मेंढीला तोंडावाटे 5 मिलिग्रॅम, तर गाईला 15 मिलिग्रॅम सेलेनियम देण्याची रूढ पद्धत आहे, आणि त्यामुळे पिलू सेलेनियमचा साठा घेऊनच जन्मते. जीवनसत्त्व ई मात्र वारेतून फारच थोडे जाते. ते पिलाला मिळते ते मुख्यतः चिकातून, आणि आईच्या चाऱ्यात ते असेल तरच चिकात येते. ताज्या हिरव्या पाल्यात ते भरपूर असते, पण चारा उन्हात वाळताना आणि पुढे साठवणीत ते झपाट्याने घटते. त्यामुळे गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यात रोज मूठ-दोन मूठ का होईना, लसूणघास, शेवरी किंवा विहिरीच्या काठचा कोणताही हिरवा पाला गव्हाणीत पडणे, आणि जन्मलेल्या पिलाला पहिल्या तासाभरात चीक पाजणे, हा आईच्या वाटेचा तितकाच महत्त्वाचा अर्धा भाग आहे. पाणीच नसेल तेथे जीवनसत्त्व ई खुराकातून द्यावे लागते.

या वाटेचा दोष वेळेचा आहे: जी मेंढी चार दिवसांत विणार आहे, तिला आज दिलेले पिलाला पुरेसे पोहोचणार नाही. शिवाय कोणती मेंढी केव्हा विणार याची नोंद बहुतेक खांडांत नसते, नर सतत कळपात असतो. चाटण-वीट टांगणे हा सोपा पर्याय वाटतो, पण काही मेंढ्या ती फार चाटतात आणि काही तिला तोंडही लावत नाहीत, म्हणून तिच्यावर एकट्याने भिस्त ठेवणे मला पटत नाही. खनिज मिश्रण घेताना सेलेनियम त्यात आहे का हे पाहावे, कारण सगळ्यांत ते नसते. आणि गाईचे मिश्रण मेंढीला घालू नये, कारण गाईला चालणारे तांब्याचे प्रमाण मेंढीला विषारी ठरू शकते.

भूमच्या खांडात म्हणून दोन्ही वाटा एकाच वेळी, पण वेगवेगळ्या जनावरांसाठी वापराव्यात असे माझे मत आहे. अवघडलेल्या कोकराला पशुवैद्यकाने वजनावर मात्रा द्यावी, त्याला आईसह आठ-दहा दिवस वाड्यातच ठेवावे, उठता येत नसेल तर बाटलीने दूध पाजावे आणि गरज पडल्यास दोन आठवड्यांनी पुन्हा एक मात्रा द्यावी. जन्मून थोडेच दिवस झालेल्या उरलेल्या कोकरांना एकदा टोचावे व त्यांना लांबच्या चराईला इतक्यात नेऊ नये, कारण हृदय अशक्त असल्यास चालणेच त्यांचा घात करते. ज्या मेंढ्यांना विण्यास तीन आठवड्यांहून अधिक वेळ आहे, त्यांना तोंडावाटे सेलेनियम आणि हिरवा पाला द्यावा, आणि मग त्यांच्या पिलांना नेमाने टोचत बसू नये. आईला दिले आहे हे विसरून पिलालाही देणे ही दुहेरी मात्रा होते.

देवणी किंवा लाल कंधारीच्या वासरांत हिशेब थोडा बदलतो. गोठ्यात गाई दोन-चारच असतात, विण्याची तारीख बहुधा ठाऊक असते आणि वासराचे वजन 20 किलोच्या आसपास असल्याने मात्रेतील लहान चूक तितकी घातक ठरत नाही, म्हणून तेथे आईची वाट सोपी पडते. वासरे चार-सहा महिन्यांची होईपर्यंत हा रोग दिसू शकतो, आणि मोठ्या वासरात स्नायूतील रंगद्रव्य लघवीत उतरून ती गडद तपकिरी होते; तेव्हा गोचिडांतून येणाऱ्या बबेसिया या रक्तातील परजीवीमुळे लाल लघवी होते त्याच्याशी गल्लत होऊ नये म्हणून रक्ताची काच तपासून घ्यावी. चाळीस मेंढ्यांना किंवा गोठ्यातल्या सर्व गाईंना सेलेनियम सुरू करण्यापूर्वी काही जनावरांच्या रक्तातील सेलेनियम तपासता आले तर जरूर तपासावे: पंजाबातील होशियारपूर-नवांशहर पट्ट्यात जमिनीत सेलेनियम जास्त असल्याने जनावरांना उलट विषबाधा होते, आणि आपल्या चाऱ्याची बाजू कोणती आहे हे नुसत्या अवघडलेल्या कोकरावरून ठरत नाही. योग्य मात्रा देऊनही आठवड्यात कोणतेच अवघडलेले पिलू सुधारले नाही, तर ती मात्रा वाढवू नये. निदानच पुन्हा तपासावे.