क्रिएटिन + अश्वगंधा: श्रेय कुणाला?

जिममध्ये ही जोडी एकाच दिवशी सुरू केली जाते आणि पहिला घोटाळा तिथेच होतो. समजा, 70 किलोच्या माणसाचं वजन तीन आठवड्यांत दीड किलोने वाढलं आणि बेंच प्रेसला दोन रेप जास्त निघाले. कौतुक अश्वगंधेचं होतं, पण वाढलेलं वजन बहुतांशी क्रिएटिनने स्नायूंत ओढलेलं पाणी असतं.

क्रिएटिनमागचा पुरावा भक्कम आहे. साधं मोनोहायड्रेट, रोज 3 ते 5 ग्रॅम, वेळ कुठलीही. लोडिंग, म्हणजे सुरुवातीला मोठे डोस, न करता साधारण चार आठवड्यांत स्नायूंतला क्रिएटिनचा साठा भरतो. मांस-मासे न खाणाऱ्यांचा साठा मुळात कमी असल्याने त्यांना फरक बहुधा जास्त जाणवतो. गार पाण्यात ते नीट विरघळत नाही. ग्लासच्या तळाशी साका उरतो आणि अर्धा डोस बेसिनमध्ये जातो, म्हणून कोमट पाणी घ्यावं.

अश्वगंधेचं प्रकरण जरा नाजूक. ज्या चाचणीचा दाखला सगळे देतात ती 2015 सालची: 57 पुरुष, मुळांचा अर्क 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आठ आठवडे. अर्क घेणाऱ्यांचा बेंच प्रेस सरासरी 46 किलोने वाढला, प्लासिबो म्हणजे नकली गोळी घेणाऱ्यांचा 26 किलोने. नुसत्या प्लासिबोवर 26 किलो! कारण ही मंडळी वजनाच्या व्यायामात जवळपास नवखी होती. दोन वर्षं लोखंड उचलणाऱ्याने 46चा आकडा मनावर घेऊ नये. ताण आणि झोपेवरचे परिणाम जास्त चाचण्यांत दिसले आहेत, तेही मध्यम. घरचं चूर्ण म्हणजे अर्क नव्हे. चमचाभर चूर्णात विथॅनोलाइड्स, म्हणजे अश्वगंधेतले सक्रिय घटक, किती, हे कळत नाही. तयार मिश्रणाच्या डब्यावर दोन्हींचं प्रमाण वेगवेगळं छापलेलं नसेल तर तो डबा घेऊच नये.

एकत्र घेण्याला मनाई नाही, पण दोघांचे पुरावे वेगवेगळ्या चाचण्यांतले आहेत. त्यामुळे आधी चार आठवडे फक्त क्रिएटिन घ्यावं, वजन आणि रेप लिहून ठेवावेत. मग आठ आठवडे अश्वगंधा जोडावी आणि नंतर ती थांबवून बघावी. थांबवल्यावर झोप-उचल तशीच राहिली, तर ते पैसे वाचले. तसंही तीन महिन्यांपलीकडे अश्वगंधा किती सुरक्षित, याची माहिती तोकडी आहे.

रक्ततपासणीत दोन्ही वेगळा गोंधळ घालतात. क्रिएटिनमुळे मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन 1.1 वरून 1.4 वर गेलेलं दिसू शकतं, मूत्रपिंड ठणठणीत असतानाही. डॉक्टरांना पावडरीबद्दल सांगावं, शंका राहिली तर सिस्टॅटिन सी ही मूत्रपिंडाची दुसरी रक्तचाचणी करून घ्यावी. अश्वगंधेने मात्र क्वचित यकृताला खरोखर इजा होते. लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज असं काही दिसलं की त्याच दिवशी बंद करून डॉक्टरकडे जावं. थायरॉईडची गोळी चालू असेल किंवा यकृताचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अश्वगंधा सुरूच करू नये.