विनातारण कर्जाचे आठ महिने आणि ५९० रुपयांची कटकट

आठ महिने हप्ते भरून झाले, आता लिहायला हरकत नाही. नव्या कंपनीसाठी सरकारी बँकेतून पंधरा लाख घेतले, छोट्या उद्योगांच्या कर्जांना हमी देणाऱ्या सीजीटीएमएसई या ट्रस्टच्या हमीवर. हप्ते वेळेवर कापले जातात, खातेउतारा मागितला की मिळतो. माझा राग आहे तो ५९० रुपयांवर.

पहिल्यांदा फाईल परत आली तेव्हा जीएसटी रिटर्न, ऑर्डरी, करंट खात्याचे उतारे असं सगळं जोडलेलं होतं. मॅनेजरसाहेबांनी ते बाजूला सरकवून माझा स्वतःचा सिबिल रिपोर्ट पुढे केला. स्कोअर ६८१. "स्कोअर सोडा, ही रांग बघा," म्हणाले. एका क्रेडिट कार्डाखाली ०००, ०००, आणि पुढे ०२८, ०५९, ०८९. हप्ता किती दिवस थकला, त्याचे हे महिनावार आकडे.

ते कार्ड मी २०२३ मध्ये लेखी अर्ज देऊन, बाकी शून्य करून बंद केलं होतं. दुसऱ्याच एका बँकेचं. त्यांनी ते बंद केलंच नाही, वर ५०० रुपये वार्षिक फी आणि १८ टक्के जीएसटी लावला. झाले ५९०. त्यावर विलंब शुल्क, व्याज. पंधरा लाखांची फाईल या चिल्लरपायी अडली!

सिबिलच्या साइटवर तक्रार टाकली. पण सिबिल स्वतः काही खोडत नाही, कार्डवाल्या बँकेने होकार द्यावा लागतो. म्हणून बंद करण्याच्या अर्जाची पोच बँकेलाही पाठवली. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम मेलमध्ये लिहिल्यावर गाडी हलली. रांगेत पुन्हा ००० आले, स्कोअर ७४८ झाला, कर्ज मंजूर झालं.

कंपनी वेगळी, मी वेगळा, मग माझं कार्ड कशाला बघता, असं तेव्हा वाटायचं. कागदांवर सह्या करताना मत बदललं. घर-जमीन गहाण नाही, पण संचालक म्हणून माझी वैयक्तिक हमी आहेच. कर्ज बुडालं तर ट्रस्ट बँकेच्या नुकसानीचा काही भाग भरतो, मला माफी मिळत नाही, वसुली चालूच राहते. शिवाय कंपनीचा स्वतःचा कर्ज-इतिहास कोरा. मग बँक बघणार तरी काय? तेवढं पटलं. हमी फी मात्र दरवर्षी माझ्याच खात्यातून जाते, आणि व्याजदर विचारताना ती कुणी आपणहून सांगत नाही, हे अजून खुपतं.

अर्ज करण्याआधी सिबिलसारख्या चारही क्रेडिट ब्युरोंचे रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा प्रत्येकाचा फुकट मिळतो. माझी दुरुस्ती सिबिलमध्ये झाली, एक्सपिरियनमध्ये ते कार्ड अजून चालूच दिसतंय. पुन्हा तीच पोच, पुन्हा तोच मेल.