जुना लॅपटॉप विकताना "बॅटरी किती चालते?" ला कसं उत्तर द्यायचं

एक उत्तर असतं, "बॅटरी एकदम मस्त आहे, तीन जण विचारतायत, लवकर सांगा." दुसरं असतं आकड्यांचं, आणि मला विचाराल तर तेच द्यावं.

पहिल्यात घेणाऱ्याला कळतं काय? काहीच नाही. मस्त म्हणजे नुसतं टायपिंग करताना की व्हिडिओ कॉलवर, कारण कॉलवर तीच बॅटरी खूप लवकर उतरते, मग घरी नेल्यावर माणूस चिडतो आणि पैसे परत मागतो.

दुसऱ्यासाठी विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढं टाका:

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल बनते, ती कुठे सेव्ह झाली ते तिथेच दिसतं. त्यात DESIGN CAPACITY म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि FULL CHARGE CAPACITY म्हणजे आत्ताची. समजा 50,000 आणि 36,000 आलं, तर 72 टक्के उरली. मग लिहा, "बॅटरी मूळचीच आहे, 72 टक्के क्षमता उरलीय, रिपोर्टचा फोटो टाकलाय. ब्राउझिंगवर साधारण अडीच तास जाते, व्हिडिओ कॉलवर दीडच्या आसपास. दिवसभर चार्जरशिवाय वापरायचा असेल तर बॅटरी बदलावी लागेल. बघून ठरवा, घाई नाही." तासांचे आकडे मात्र स्वतः वापरून बघूनच टाका, रिपोर्टमधला अंदाज आधीच्या वापरावरून काढलेला असतो.

असं लिहिल्यावर काही जण गप्प होतात, होऊ देत, त्यांना तो चालणारच नव्हता. जो येतो तो बॅटरीवरून घासाघीस करत नाही.